अतिथी व्याख्यानाच्या स्लाइड्सवरून एका पानाचा वृत्तांत कसा लिहावा

व्याख्यान झालं, वक्त्यांनी स्लाइड्सची फाइल पाठवली आणि विभागाच्या वार्तापत्राच्या संपादकांचा निरोप आला: एक पान हवं, शुक्रवारपर्यंत. फाइल उघडावी तर ३४ स्लाइड्स. नवख्या माणसाला इथे एक मार्ग अगदी सोपा वाटतो. पहिल्या स्लाइडपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक स्लाइडचं एक वाक्य करत शेवटापर्यंत जायचं. ३४ वाक्यांचं पान भरतंही. पण असा वृत्तांत व्याख्यानाला हजर असलेल्याला ओळखीचा वाटत नाही आणि हजर नसलेल्याला कळत नाही. कारण स्लाइड म्हणजे व्याख्यान नव्हे. वक्त्याला बोलताना आधार म्हणून जेवढं लागतं तेवढंच स्लाइडवर असतं. दोन मुद्द्यांना जोडणारं 'पण', 'म्हणून', 'तरीही' हे सगळं तो तोंडाने सांगतो, आणि फाइलमध्ये नेमकं तेच नसतं. वृत्तांत लिहिणाऱ्याचं खरं काम हे जोडणारे शब्द परत आणण्याचं आहे.

हे काम कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. असं धरू की सांख्यिकी विभागात ५० मिनिटांचं व्याख्यान झालं आणि विषय होता 'एकूण टक्केवारी कधी फसवते'. वक्त्यांच्या मुख्य उदाहरणात मुतखड्यावरच्या दोन उपचारांची १९८६ साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी होती. व्याख्यान कल्पित आहे, आकडे मात्र खरे आहेत आणि सांख्यिकीच्या वर्गांत ते वारंवार वापरले जातात.

फाइल उघडण्याआधी

व्याख्यान संपल्यावर त्याच दिवशी, स्लाइड्स न पाहता, दहा-बारा ओळी लिहून ठेवा. कोणत्या ठिकाणी सभागृह शांत झालं किंवा कुजबुज सुरू झाली, वक्ते कुठे थांबले, कोणते प्रश्न आले, उत्तर देताना त्यांनी स्लाइडवर नसलेलं काय सांगितलं, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी स्लाइड्स पाहिल्या की त्यांचाच क्रम डोक्यात बसतो आणि ऐकलेलं पुसट होतं. म्हणून आधी आठवण लिहायची आणि मग फाइल उघडायची. ध्वनिमुद्रण असेल तर उत्तम, पण ५० मिनिटं पुन्हा ऐकण्याची गरज सहसा पडत नाही. शंका असेल तेवढाच भाग ऐकावा.

तुम्ही स्वतः हजर नसाल तर दोन श्रोत्यांना वेगवेगळं विचारा: "व्याख्यानातून तुम्हाला नवीन काय कळलं?" दोघांच्या उत्तरात जे समान निघेल ते बहुधा व्याख्यानाचा गाभा असतं.

फाइलमधून मजकूर काढताना

पॉवरपॉइंटमध्ये `File` → `Save As` मधून `Outline/RTF` हा प्रकार निवडला की स्लाइड्सचा मजकूर एका फाइलमध्ये मिळतो. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. आखून दिलेल्या चौकटींमधलाच मजकूर या फाइलमध्ये येतो. वक्त्यांनी वेगळे मजकूर-बॉक्स टाकून लिहिलेलं, तक्त्यांमधलं आणि आलेखांवरचं काहीच येत नाही. आपल्या उदाहरणात सगळ्यांत महत्त्वाचे आकडे १७ व्या स्लाइडवरच्या तक्त्यात आहेत, म्हणजे या फाइलवर विसंबलात तर व्याख्यानाचा कणाच हातातून निसटतो. म्हणून काढलेला मजकूर मूळ स्लाइड्सशेजारी ठेवून एकदा तपासायचाच.

पीडीएफ मिळाली असेल तर अडचण दुसरी असते. स्लाइडवर एकामागून एक उमटणाऱ्या गोष्टी पीडीएफमध्ये एकदमच दिसतात. वक्त्यांनी आधी प्रश्न दाखवला, दोन मिनिटं श्रोत्यांना विचार करू दिला आणि मग उत्तर आणलं, हा सगळा क्रम नाहीसा होतो. प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर शेजारी दिसतात आणि ते दोन स्वतंत्र मुद्दे आहेत असं वाटतं. मराठी मजकुरात तर पीडीएफमधून उचललेली जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं असेल तर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ समोर येतो. अशा वेळी दुरुस्त्या करत बसू नका. लागणारी दहा वाक्यं हाताने टंकणं जास्त लवकर होतं.

आणखी दोन ठिकाणी सावध राहा. स्लाइड्सच्या यादीत एखाद्या क्रमांकावर काट मारलेली दिसली तर ती स्लाइड लपवलेली आहे, म्हणजे ती व्याख्यानात बहुधा दाखवलीच गेली नव्हती. `View` → `Notes Page` मध्ये वक्त्यांची स्वतःसाठीची टिपणं असू शकतात. ही दोन्ही समजून घेण्यासाठी जरूर वाचा, पण वक्त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं काहीही छापू नका. अप्रकाशित निष्कर्ष बहुतेक वेळा इथेच दडलेले असतात.

प्रत्येक स्लाइड काय काम करते?

आता एक साधा तक्ता करा: स्लाइडचा क्रमांक आणि तिचं काम. इथे 'विषय' लिहू नका, 'काम' लिहा. 'मुतखडा' हा विषय झाला. 'दावा', 'पुरावा', 'पार्श्वभूमी', 'मर्यादा', 'विषयांतर' ही कामं झाली. एका स्लाइडला एक शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. ३४ स्लाइड्सना अर्धा तास लागतो आणि पुढचे दोन तास वाचतात.

आपल्या व्याख्यानाचा तक्ता असा निघाला असं समजू: ओळख आणि रूपरेषा ३, पार्श्वभूमी ८, दावा ४, पुरावा ११, मर्यादा २, विषयांतर ३, शेवटी सारांश-संदर्भ-आभार ३. आता हे आकडे काय सांगतात ते पाहा. सगळ्यांत जास्त स्लाइड्स पुराव्याच्या आहेत, पण त्या अकराही एका पानात बसणार नाहीत. त्यातलं एकच उदाहरण निवडावं लागेल. मर्यादांच्या स्लाइड्स दोनच आहेत आणि बहुधा शेवटी, वेळ संपत आलेला असताना भराभर गेलेल्या असतात. म्हणूनच वृत्तांतातून पहिल्यांदा त्याच गळतात आणि म्हणूनच त्या आधी बाजूला काढून ठेवायच्या. 'हे कधी लागू पडत नाही' हे वक्त्यांनी सांगितलेलं असताना आपण गाळलं, तर त्यांच्या तोंडी त्यांनी न केलेला दावा घातल्यासारखं होतं.

यानंतर वळणाची स्लाइड शोधा. बहुतेक चांगल्या व्याख्यानांत एक जागा अशी असते की तिच्या आधी श्रोत्याचं मत एक असतं आणि नंतर दुसरं होतं. ती ओळखण्याच्या खुणा आहेत. तिथे मजकूर कमी असतो, कधी एकच प्रश्न असतो, पण वेळ जास्त गेलेला असतो. प्रश्नोत्तरांत श्रोते परत तिथेच येतात. आपल्या उदाहरणात १४ व्या स्लाइडवर दोन उपचारांची एकूण यशाची टक्केवारी आहे, १७ व्या स्लाइडवर तीच आकडेवारी खड्याच्या आकारानुसार फोडलेली आहे आणि १८ व्या स्लाइडवर फक्त एवढंच लिहिलंय: 'मग कोणता उपचार चांगला?' वळण तिथे आहे. वृत्तांत या तीन स्लाइड्सभोवती उभा करायचा. बाकीच्या ३१ पैकी जे या वळणापर्यंत पोचायला लागतं किंवा वळणानंतर अटळ ठरतं तेवढंच पानावर येईल.

आकडे आधी स्वतः जुळवून पाहा

१७ व्या स्लाइडवरचा तक्ता असा आहे. प्रत्येक घरात यशस्वी रुग्ण आणि एकूण रुग्ण दिले आहेत.

| | शस्त्रक्रिया | दुर्बिणीने खडा काढणं |
|---|---|---|
| लहान खडे | ८१/८७ (९३%) | २३४/२७० (८७%) |
| मोठे खडे | १९२/२६३ (७३%) | ५५/८० (६९%) |
| एकूण | २७३/३५० (७८%) | २८९/३५० (८३%) |

एकूण पाहिलं तर दुर्बिणीची पद्धत पुढे आहे. लहान खडे वेगळे पाहिले तर शस्त्रक्रिया पुढे. मोठे वेगळे पाहिले तरीही शस्त्रक्रियाच पुढे. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

लिहायला बसण्याआधी बेरजा करा. ८१ अधिक १९२ बरोबर २७३, ८७ अधिक २६३ बरोबर ३५०. दुसऱ्या बाजूला २३४ अधिक ५५ बरोबर २८९ आणि २७० अधिक ८० बरोबर ३५०. मग प्रत्येक टक्केवारी कॅल्क्युलेटरवर काढा. पाच मिनिटांचं काम आहे. स्लाइडवरून आकडे उतरवताना अंकांची अदलाबदल होते ती इथेच सापडते. समजा २३४ च्या जागी तुम्ही २४३ टंकलंत. मग २७० पैकी ९० टक्के येतात आणि एकूण बेरीज २९८ होते. ती स्लाइडवरच्या २८९ शी जुळत नाही, आणि चूक लगेच पकडली जाते. बेरीज केलीच नाही तर २४३ हा आकडा अगदी खरा वाटतो आणि तसाच छापला जातो.

कधी बेरीज मूळ स्लाइडवरच जुळत नाही. तेव्हा आपल्या मनाने दुरुस्ती करू नका. स्लाइडचा क्रमांक देऊन वक्त्यांना विचारा. कदाचित काही रुग्ण मधूनच गळालेले असतील आणि तो तपशील त्यांनी फक्त बोलून दाखवला असेल.

टक्केवारी लिहिताना एक पथ्य पाळा: ती कशाची, किती जणांतली, हे सोबत द्या. '८३ टक्के यश' हे अर्धं वाक्य आहे. '३५० पैकी २८९ रुग्णांत, म्हणजे ८३ टक्क्यांत यश' हे पूर्ण वाक्य. आणि फरक सांगायची वेळ आली तर '५ टक्क्यांनी जास्त' असं लिहू नका. ७८ वरून ८३ हा फरक टक्केवारीच्या ५ अंकांचा आहे, पण ७८ च्या तुलनेत ती वाढ ६ टक्क्यांहून जास्त आहे. वाचक दोन्हीपैकी कोणताही अर्थ घेऊ शकतो. 'एकात ७८ टक्के, दुसऱ्यात ८३' असं सरळ लिहिलं की शंकेला जागा उरत नाही.

बाण आणि तुटक ओळींची वाक्यं करणं

नवख्यांचा पाय सगळ्यांत जास्त घसरतो तो इथे. १९ व्या स्लाइडवर या तीन ओळी आहेत:

मोठे खडे → बहुतेक शस्त्रक्रिया
लहान खडे → बहुतेक दुर्बीण
एकूण टक्केवारी = मिश्रण

यावरून पहिल्या प्रयत्नात हमखास असं वाक्य लिहिलं जातं: "मोठ्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया आणि लहान खड्यांसाठी दुर्बिणीची पद्धत वापरावी, असं वक्त्यांनी सांगितलं." व्याकरण ठीक आहे, पण वक्त्यांनी हे सांगितलेलंच नाही. ते एका जुन्या आकडेवारीत रुग्ण कसे विभागले गेले होते ते सांगत होते. आपण त्याचा वैद्यकीय सल्ला करून टाकला. दोष बाणाचा आहे. स्लाइडवरच्या बाणाचे निदान चार अर्थ होतात: 'यामुळे हे घडतं', 'यानंतर हे येतं', 'हे असेल तर हे करावं' आणि 'हे आणि हे सोबत आढळतं'. इथे चौथा अर्थ आहे. प्रत्येक बाणापाशी थांबून स्वतःला विचारा, यातला कोणता? उत्तर टिपणांतून मिळालं नाही तर तो प्रश्न वक्त्यांसाठीच्या यादीत लिहा.

योग्य वाक्य तक्त्यातूनच मिळतं: "शस्त्रक्रिया झालेल्या ३५० रुग्णांपैकी २६३ जणांचे खडे मोठे होते. दुर्बिणीच्या ३५० पैकी फक्त ८० जणांचे. मोठा खडा काढणं दोन्ही पद्धतींना अवघड जातं. अवघड रुग्ण एका बाजूला जास्त गेले, म्हणून त्या बाजूची एकूण टक्केवारी खाली आली." स्लाइडवरच्या तीन तुटक ओळींची इथे चार वाक्यं झाली. मजकूर वाढला, पण कारण स्पष्ट झालं. एका पानात असा विस्तार एक-दोन ठिकाणीच परवडतो. म्हणून तो वळणाच्या जागी खर्च करायचा आणि बाकी ठिकाणी हात आखडता घ्यायचा.

अशाच अर्धवट जागा संदर्भांतही असतात. स्लाइडच्या खाली बारीक अक्षरात 'Charig et al., 1986' असं लिहिलेलं असतं. ते नजरेतून सुटलं तर वृत्तांतात 'वक्त्यांनी केलेल्या अभ्यासात' असं येऊन बसतं आणि दुसऱ्यांचं काम पाहुण्यांच्या नावावर जमा होतं. याने वक्तेच सर्वांत जास्त अवघडतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी' एवढं लिहिलं की पुरतं. तसंच 'Simpson, 1951' हे त्या लेखाचं वर्ष आहे, शोधाचं नव्हे. हीच गोष्ट कार्ल पिअर्सन आणि उड्नी यूल यांच्या त्याआधीच्या लेखनात आलेली आहे. त्यामुळे '१९५१ साली सिम्पसन यांनी शोध लावला' असं न लिहिता 'एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ च्या लेखात मांडलेला' असं लिहावं. कंसातलं वर्ष एवढंच सांगतं की तो लेख त्या वर्षीचा आहे. त्याच्या पुढची उडी आपण मारायची नाही.

किती शब्द बसतात?

ए-४ पानावर चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास सोडून १२ पॉइंटमध्ये देवनागरी मजकूर घेतला तर साधारण ४०० शब्द बसतात. वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने ओळीला उंची जास्त लागते. म्हणून रोमन लिपीतल्या मजकुराचा अंदाज इथे चालत नाही. फॉन्टनुसारही फरक पडतो. खात्रीचा उपाय म्हणजे मागच्या अंकातल्या एका भरलेल्या पानाचे शब्द मोजणं. मथळा आणि एक लहान तक्ता किंवा छायाचित्र धरलं की हातात ३००-३२० शब्द उरतात.

त्यांची वाटणी आधीच करा. आपल्या उदाहरणात सुरुवातीला गाभा ५० शब्दांत, कोण-कुठे-कधी ३० शब्दांत, उदाहरण आणि त्याचं कारण १३० शब्दांत, मर्यादा ५० शब्दांत आणि प्रश्नोत्तरांतलं एक उत्तर ५० शब्दांत, अशी वाटणी बरी जमते. वक्त्यांच्या परिचयाला वेगळा परिच्छेद नको. नाव, पद, संस्था आणि या विषयाशी त्यांचा संबंध, एवढं एका वाक्यात मावतं. कोणी स्वागत केलं आणि कोणी आभार मानले ही नोंद विभागाच्या अहवालात जाते. अहवाल दप्तरासाठी असतो आणि वृत्तांत वाचणाऱ्यासाठी. दोन्ही एकाच पानात कोंबले की पहिल्या चार ओळी नावांतच संपतात आणि वाचक तिथूनच पान उलटतो.

मथळाही त्याच हिशेबाने द्या. 'सांख्यिकी विभागात अतिथी व्याख्यान संपन्न' हा मथळा दरवर्षी प्रत्येक व्याख्यानाला चालेल, म्हणजेच तो या व्याख्यानाबद्दल काहीच सांगत नाही. 'टक्केवारी बरोबर, निष्कर्ष चूक' हा दुसऱ्या व्याख्यानाला चालणार नाही. त्याखालची सुरुवात अशी होऊ शकते:

"दोन उपचारांपैकी एकात ७८ टक्के रुग्ण बरे झाले आणि दुसऱ्यात ८३ टक्के. दुसरा चांगला, असं कोणीही म्हणेल. पण रुग्णांचे लहान आणि मोठे खडे असे दोन गट केले, तर दोन्ही गटांत पहिलाच उपचार पुढे निघतो. एकही आकडा न बदलता निष्कर्ष उलटा कसा होतो, हे सांख्यिकी विभागातल्या अतिथी व्याख्यानात उलगडलं."

हा मजकूर ४५-५० शब्दांचा आहे आणि यात तीन स्लाइड्सचं सार आलं. पुढच्या परिच्छेदात वक्त्यांची एका वाक्यात ओळख, त्यानंतर २६३ आणि ८० हे आकडे घेऊन कारण, मग मर्यादा. मर्यादेचा परिच्छेद असा:

"याचा अर्थ आकडेवारीचे गट पाडले की नेहमी सत्य हाती लागतं असा नाही, हे वक्त्यांनी स्पष्ट केलं. या अभ्यासात कोणाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. खड्याच्या आकाराखेरीज इतर फरकही दोन गटांत असू शकतात. गट कशावरून पाडायचे हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी तो विषय माहीत असावा लागतो."

या दोन परिच्छेदांत 'अत्यंत मोलाचं', 'सखोल', 'मंत्रमुग्ध' यातलं एकही विशेषण नाही. त्यांच्याशिवाय अडत नाही आणि ती गाळून वाचलेल्या जागेत एक आकडा जास्त बसतो.

चित्र: स्लाइडचा फोटो लावू नका

स्लाइडची प्रतिमा जशीच्या तशी लावायचा मोह टाळा, कारण ती वाचता येत नाही. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड मुळात सुमारे ३३.९ सेंटिमीटर रुंद असते. ती पानावर ८ सेंटिमीटरची केली की सगळं चौथ्या हिश्शाहून लहान होतं आणि २४ पॉइंटचं अक्षर जेमतेम साडेपाच-सहा पॉइंटचं उरतं. स्लाइडवरचा तक्ता वर्डमध्ये नव्याने करा, ९ किंवा १० पॉइंटमध्ये. आपल्या तक्त्याला चारच ओळी लागतात. दुसऱ्याच्या लेखातला आलेख वक्त्यांनी स्लाइडवर वापरला असेल, तर त्यांना वर्गात दाखवायला मुभा असणं आणि आपल्याला छापायला मुभा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे घेऊन स्वतःचा साधा आलेख काढा आणि स्रोत लिहा.

छायाचित्र किंवा आकृती मूळ दर्जात हवी असेल तर स्क्रीनशॉट घेऊ नका. `.pptx` फाइलची प्रत करा, त्या प्रतीचं नाव बदलून शेवट `.zip` करा आणि ती उघडा. आत `ppt/media` या फोल्डरमध्ये सगळ्या प्रतिमा सुट्या मिळतात. छपाईसाठी ८ सेंटिमीटर रुंदीला साधारण ९५० पिक्सेल लागतात. त्याच्या निम्मेच असतील तर छापील अंकात चित्र धूसर येईल, पडद्यावर ते कितीही चांगलं दिसत असलं तरी.

वक्त्यांकडे पाठवताना

मसुदा पाठवताना 'कसा वाटला?' असं विचारलंत तर उत्तर येतं 'छान' किंवा मग पूर्ण मजकूर नव्याने लिहून येतो. त्याऐवजी क्रमांक घालून तीन-चार नेमके प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: नाव, पद आणि संस्था अशीच छापायची का? १९ व्या स्लाइडवरच्या बाणाचा अर्थ आम्ही दुसऱ्या परिच्छेदात लिहिलाय तसाच आहे का? प्रश्नोत्तरांतलं तुमचं उत्तर तुमच्या नावाने छापायला हरकत नाही ना? यातलं काही अजून अप्रकाशित आहे का? सोबत तारीख द्या आणि छपाईच्या आधी दोन दिवस हातात ठेवा. तारीख उलटली तर स्वतःहून आठवण करा. नाव आणि अप्रकाशित मजकूर या दोन गोष्टींवर होकार मिळाल्याशिवाय पान पुढे पाठवू नका.

तथ्याची दुरुस्ती आली तर ती ताबडतोब घ्या. एखादा परिच्छेद वाढवून आला तर पानाची मर्यादा सांगा आणि विचारा, हा घ्यायचा तर कोणता काढू? बहुतेक वक्ते लगेच निर्णय देतात, कारण आपल्या म्हणण्यातलं काय महत्त्वाचं आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पानाबाहेर जाणाऱ्या ओळी

मजकूर आठ-दहा ओळींनी वाढला की अक्षरं लहान करायचा विचार येतो. तो सोडून द्या. मांडणीकार तो आकार परत मूळ पदावर आणतो आणि शेवटच्या ओळी कापतो, आणि शेवटी बहुधा मर्यादेचाच परिच्छेद असतो. त्याऐवजी स्वतः कापा: आधी कार्यक्रमाचा तपशील, मग पार्श्वभूमी, मग दुसरं उदाहरण असेल तर ते पूर्णच. दोन्ही उदाहरणं अर्धी अर्धी ठेवण्यापेक्षा एक पूर्ण ठेवलेलं बरं. '३५० पैकी' सारखे शब्द कापू नका. ते काढून जेमतेम एक ओळ वाचते आणि टक्केवारी निराधार होते.

मांडणी होऊन पान परत आलं की मजकूर पुन्हा वाचा किंवा वाचू नका, पण आकडे मात्र एकेक करून तक्त्याशी ताडून पाहा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बदलताना मजकुरातले अंक देवनागरी आणि तक्त्यातले इंग्रजी असं होऊ शकतं. मजकुरात २६३ आणि तक्त्यात 263 आलं तर वाचकाला तो एकच आकडा आहे हे क्षणभर कळत नाही. दोन्हीकडे एकच लिपी करून घ्या. टक्क्याचं चिन्ह आकड्यापासून तुटून पुढच्या ओळीत गेलं नाही ना, तेही पाहा. मग एक प्रत कागदावर काढा, खऱ्या आकारात, आणि तक्ता हाताच्या अंतरावरून वाचता येतो का ते बघा.